डेटा एंट्रीची टेस्ट: स्पीड असूनही माणसं कुठे गळतात आणि तयारी कोणत्या क्रमाने करावी

वागळे इस्टेट, ऐरोली, महापे, तुर्भे या पट्ट्यात बॅक ऑफिसच्या जागा सतत निघतात आणि बहुतेक ठिकाणी मुलाखतीआधी कॉम्प्युटरवर बसवून टेस्ट घेतात. मी अशा टेस्ट घेणाऱ्यांपैकी आहे. चाळीसच्या स्पीडचं सर्टिफिकेट हातात असलेली मुलं-मुली या टेस्टमधून परत जाताना मी नेहमी पाहते, आणि त्यांची बोटं सहसा हळू नसतात. नापास होण्याची कारणं तीनच: आपला स्कोअर कसा मोजला जाणार हे माहीत नसतं, एक्सेल गुपचूप बदलून टाकतं तो आकडा दिसत नाही, आणि शेवटची पाच मिनिटं तपासण्याऐवजी आणखी दोन फॉर्म भरण्यात जातात. हा लेख त्या तीन गोष्टींबद्दल आहे. फॉर्मल शर्ट कुठला घालावा ते इथे मिळणार नाही.

## पायरी १: फोन आला की हे विचारून घ्या

एचआरचा फोन येतो, ‘उद्या अकराला या’ म्हणतात आणि आपण ‘हो मॅडम’ म्हणून ठेवून देतो. इथेच पहिली चूक होते. टेस्टबद्दल विचारलं म्हणून कुणी नाव कापत नाही. सरळ म्हणा, ‘मॅडम, टायपिंग टेस्ट किती मिनिटांची असते आणि अ‍ॅक्युरसी किती लागते?’ एवढ्यावर बहुतेक वेळा बाकीचंही त्या सांगून टाकतात. नाही सांगितलं तर आणखी तीन गोष्टी विचारा. मजकूर स्क्रीनवर असतो की कागदावरून बघून टाइप करायचा? बॅकस्पेस चालतो का? एक्सेलची वेगळी टेस्ट आहे का?

कागद की स्क्रीन, या प्रश्नाने तयारीच बदलते. स्क्रीनवरचा उतारा टाइप करताना नजर फक्त वर-खाली जाते. कागदावरून हाताने भरलेला फॉर्म टाइप करताना मान डावीकडे, नजर परत स्क्रीनवर, मग पुन्हा कागदावर, आणि त्यात ओळ हुकते. घरी फक्त ऑनलाइन टायपिंग टेस्ट दिलेल्या माणसाचा वेग कागदासमोर हमखास पडतो.

खासगी बॅक ऑफिसमध्ये काम बहुतांशी इंग्रजीत असतं. जाहिरातीत मराठी टायपिंग लिहिलं असेल तर कीबोर्ड इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन की फोनेटिक, एवढं तरी विचाराच. रेमिंग्टनवर शिकलेला हात इनस्क्रिप्टवर चालत नाही आणि ते टेस्टला बसल्यावर कळून उपयोग नाही.

इशारा: टेस्टसाठी, रजिस्ट्रेशनसाठी, ‘सॉफ्टवेअर किट’साठी पैसे मागितले की तो विषय तिथेच सोडा. ‘घरबसल्या डेटा एंट्री, अ‍ॅक्युरसी कमी आली तर दंड’ असा करार पाठवून नंतर कायदेशीर नोटिशीची भीती घालणं हा जुना फसवणुकीचा धंदा आहे. तिथे अ‍ॅक्युरसी कधीच पुरी होत नाही, कारण ती मोजणारेही तेच असतात.

## पायरी २: स्कोअर कसा निघतो ते एकदा कागदावर मांडा

टायपिंगमध्ये एक ‘शब्द’ म्हणजे पाच स्ट्रोक, आणि स्पेसही स्ट्रोकच. त्यामुळे पाच मिनिटांत ९७५ स्ट्रोक झाले तर १९५ शब्द, म्हणजे मिनिटाला ३९. काही कंपन्या शब्दांऐवजी ताशी की-डिप्रेशन, म्हणजे तासाला किती स्ट्रोक, ते सांगतात. ताशी ८,००० ऐकून लोक घाबरतात, पण त्याला पाचाने आणि मग साठाने भागा. मिनिटाला जेमतेम २७ शब्द येतात. जीसीसी-टीबीसीची तीसची परीक्षा पास असाल तर वेगाची ही अट तुमच्या आवाक्यात आहे.

आता दोन उमेदवार घ्या. दोघांना तोच उतारा, पाच मिनिटं, आणि अट अशी की अ‍ॅक्युरसी किमान ९८ टक्के हवी.

पहिल्याचे ९७५ स्ट्रोक झाले, १२ चुका. एकूण शब्द १९५. चुका वजा करून १८३, म्हणजे निव्वळ वेग मिनिटाला साडेछत्तीसच्या थोडा वर. दुसरीचे ८५० स्ट्रोक, २ चुका. एकूण शब्द १७०, वजा जाता १६८, म्हणजे निव्वळ वेग साडेतेहतीसच्या आसपास. वेगात पहिला पुढेच आहे. पण १९५ शब्दांत १२ चुका म्हणजे अ‍ॅक्युरसी ९३.८ टक्के, आणि १७० शब्दांत २ चुका म्हणजे ९८.८ टक्के. पहिला बाहेर, दुसरी आत.

गंमत पुढे आहे. त्याच १२ चुका शब्दांऐवजी स्ट्रोकच्या हिशेबाने मोजल्या, म्हणजे ९७५ पैकी १२, तर पहिल्याची अ‍ॅक्युरसी ९८.८ टक्के निघते आणि तोही पास होतो. घरी ज्या वेबसाइटवर सराव करता ती बऱ्याचदा स्ट्रोकने मोजते आणि ९८ दाखवते. ऑफिसमध्ये शब्दाने मोजलं की तेच ९४ वर येतं, आणि माणूस म्हणतो टेस्ट घेणाऱ्याने काहीतरी घोळ केला. घरचा सराव नेहमी शब्दाच्या, म्हणजे कडक हिशेबाने मोजा.

फॉर्म एंट्रीच्या टेस्टमध्ये याहून कडक हिशेब असू शकतो. समजा २० फॉर्म, प्रत्येकात १० रकाने, एकूण २०० नोंदी आणि ६ चुका. रकान्याने मोजलं तर ९७ टक्के. पण ‘एक रकाना चुकला की पूर्ण रेकॉर्ड चूक’ असा नियम असेल आणि सहाही चुका वेगवेगळ्या फॉर्ममध्ये असतील, तर २० पैकी १४ बरोबर, म्हणजे ७० टक्के. ही अट अन्यायाची वाटते, पण कामाच्या जागी तसंच असतं. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तर बाकीचे नऊ रकाने बरोबर असून उपयोग काय?

तपासा: टेस्ट सुरू होण्याआधी विचारा, ‘चूक शब्दाची धरता, रकान्याची की पूर्ण रेकॉर्डची?’ रेकॉर्डची असेल तर कमी फॉर्म भरा, पण भराल ते पक्के भरा.

## पायरी ३: घरचा सराव, लाइट बिलांवर

लॅपटॉपवर सराव करून डेस्कटॉपवर टेस्ट देणं ही दुसरी नेहमीची चूक. ऑफिसमध्ये मोठा कीबोर्ड असतो, उजवीकडे नंबर पॅड असतं, आणि आकडे वरच्या ओळीतून टाइप करणारा तिथेच मागे पडतो. कुणाचा तरी साधा यूएसबी कीबोर्ड मागून आणा आणि लॅपटॉपला जोडा. नंबर पॅडवरच्या ५ वर बारीक उंचवटा असतो, मधलं बोट तिथे ठेवायचं. तर्जनी ४ वर, अनामिका ६ वर, अंगठा ० वर, करंगळी एंटरवर. वरची आणि खालची ओळ त्याच बोटांनी. सुरुवातीला वेग निम्मा होतो, तो होऊ द्या. मान खाली न घालता आकडे पडायला लागले की मगच वेगाकडे बघा.

सरावाला उतारे घेऊ नका, लाइट बिलं घ्या. ठाणे-नवी मुंबईत बहुतेकांकडे महावितरणचं बिल येतं. त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक, चार आकडी बिलिंग युनिट, नाव, पत्ता, तारखा, रीडिंग, रक्कम, म्हणजे डेटा एंट्रीच्या फॉर्ममध्ये असतं ते बहुतेक सगळं एका कागदावर मिळतं. घरातली, मामाकडची, शेजारच्या काकूंची जुनी बिलं विचारून घ्या आणि सराव झाला की परत द्या.

सरावाची पद्धत मात्र नीट ठेवा. एकाच गठ्ठ्याची एंट्री दोनदा करायची. पहिल्यांदा ए कॉलममध्ये ग्राहक क्रमांक भरा. मग तो कॉलम लपवा आणि तेच क्रमांक पुन्हा कागदावरून बी कॉलममध्ये भरा. सी कॉलममध्ये हे लिहा आणि खालपर्यंत ओढा:

```
=EXACT(A2,B2)
```

जिथे `FALSE` येईल तिथे दोन्हींपैकी एक नोंद चुकलेली आहे. कागद काढून बघा, कुठली चुकली आणि कशी चुकली ते वहीत लिहा. दोन माणसांकडून स्वतंत्र एंट्री करून घेऊन जुळवणं ही या धंद्यातली रोजची पद्धत आहे, इथे दोन्ही माणसं तुम्हीच. आठवडाभरात तुमच्या चुकांचा ठसा दिसायला लागतो. कुणाचे शेजारचे दोन आकडे उलटतात, ४७ चे ७४ होतात. कुणाचा तीन वेळा आलेला शून्य दोनच वेळा पडतो. कुणाची ओळ हुकते. उपाय चुकीप्रमाणे वेगळा असतो: आकडे उलटत असतील तर मोठा क्रमांक एका दमात न वाचता चार-चारच्या तुकड्यांत मनात म्हणा, आणि ओळ हुकत असेल तर कागदावर पट्टी ठेवून ती खाली सरकवत जा.

एक बारीक अडचण इथेच येते. सी कॉलममध्ये उत्तराऐवजी फॉर्म्युलाच जसाच्या तसा दिसला तर तो कॉलम `Text` फॉरमॅटमध्ये आहे. `General` करा आणि फॉर्म्युला पुन्हा एंटर करा.

रोज अर्धा तास पुरे. शब्दाच्या हिशेबाने ९८ टक्के येत नाही तोवर वेग मुद्दाम कमी ठेवा. उलट क्रमाने, आधी वेग आणि मग अचूकता, असं करणाऱ्यांच्या बोटांना चुकीच्याच सवयी लागतात आणि त्या मोडायला दुप्पट वेळ जातो.

## पायरी ४: टेस्टच्या दिवशी, गेटपासून खुर्चीपर्यंत

ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोलीला ट्रान्स हार्बरने पोचायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो स्टेशन ते गेट आणि गेट ते मजला. मोठ्या आयटी पार्कमध्ये ओळखपत्र दाखवून पास करून घ्यावा लागतो, वॉक-इनच्या दिवशी तिथेच रांग असते. अकराची वेळ असेल तर साडेदहाला गेटवर हवं. आधारची झेरॉक्स, रेझ्युमेच्या दोन प्रती, फोटो आणि पेन जवळ ठेवा. पेन ड्राइव्ह घरी ठेवा, कारण डेटाचं काम चालतं तिथे तो आत नेऊ देत नाहीत. मोबाइलही बाहेर ठेवावा लागू शकतो, म्हणून एचआरचं नाव आणि मजला कागदावर लिहून घ्या.

खुर्चीवर बसल्यावर टायमर सुरू होण्याआधी एखादं मिनिट मिळतं. ते हात चोळण्यात घालवू नका. नोटपॅड उघडून एक ओळ टाइप करा आणि काही कळा दाबून बघा, कारण ऑफिसच्या जुन्या कीबोर्डवर एखादी कळ अडकलेली असते. नमलॉक चालू आहे का, कॅप्सलॉक बंद आहे का, ते बघा. कीबोर्ड डगमगत असेल तर मागचे पाय नीट करा. काही बिघाड असेल तर आत्ता सांगा. टेस्ट झाल्यावर ‘सर, स्पेसबार अडकत होता’ म्हटलं तर ती सबब वाटते, भले ती खरी असो.

इशारा: टेस्ट वर्डमध्ये असेल तर ऑटोकरेक्ट चालू असतं. उताऱ्यात मुद्दाम चुकीचं स्पेलिंग किंवा वाक्याच्या सुरुवातीला लहान अक्षर दिलेलं असू शकतं, आणि वर्ड ते तुमच्या नकळत सुधारून टाकतं. टेस्टमध्ये ती तुमची चूक धरली जाते. असं झालं की लगेच `Ctrl+Z` दाबा. पहिल्यांदा दाबल्यावर फक्त वर्डने केलेला बदल मागे जातो, तुमचं टायपिंग तसंच राहतं.

## पायरी ५: उतारा टाइप करताना

नियम एकच आहे, दिसेल तसं. कागदावर `Gawade` असेल तर `Gawade`, `Gavade` असेल तर `Gavade`. आपल्या ओळखीचं आडनाव दिसलं की बोटं आपलं स्पेलिंग टाइप करतात, आणि मराठी माणसाला मराठी आडनावांतच जास्त धोका आहे. `Shinde`, `Deshpande`, `Joshi` यांची नेहमीपेक्षा वेगळी स्पेलिंगं टेस्टमध्ये मुद्दाम टाकतात.

दुसरी गोष्ट स्पेसची. काही टेस्टची सॉफ्टवेअर शब्दामागून शब्द जुळवत जातात. एक स्पेस राहिली की दोन शब्द एक होतात आणि पुढची जुळणीच सरकू शकते. तसंच पूर्ण ओळ गाळली तर त्या ओळीतला प्रत्येक शब्द चूक धरला जाऊ शकतो. म्हणून स्पेस राहिल्याचं किंवा ओळ हुकल्याचं लक्षात आलं तर मागे जाऊन दुरुस्त करणं परवडतं. एखाद्या अक्षराची चूक पाच शब्द मागे राहिली असेल तर बॅकस्पेसने पाचही शब्द पुसत जाऊ नका. ती एक चूक सोडून पुढे जाणं स्वस्त पडतं. चूक त्याच शब्दात असेल तर मात्र लगेच पुसा.

याहून जास्त उताऱ्याबद्दल सांगण्यासारखं नाही. निकाल लागतो तो पुढच्या भागात.

## पायरी ६: एक्सेलमध्ये एंट्री, एक फॉर्म सावकाश भरून बघू

समजा फॉर्मवर हे रकाने आहेत: कर्मचारी कोड 00417, जन्मतारीख 05/08/1998, मोबाइल, खाते क्रमांक सोळा आकडी, आयएफएससी, परिसर ऐरोली, पिन 400708. बहुतेक उमेदवार शीट उघडली की पहिल्या सेलपासून टाइप करायला लागतात. तिथे थांबा. आधी शीट तयार करायची, मग एंट्री.

आधी फॉरमॅट. कोड 00417 साध्या सेलमध्ये टाइप करून एंटर दाबलं की 417 उरतं. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचे शून्य काढून टाकतं. खाते क्रमांकाचं याहून वाईट होतं. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे जपतं, त्यामुळे सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो. 1234567890123456 टाइप केलं तर सेलमध्ये `1.23457E+15` दिसतं आणि वर फॉर्म्युला बारमध्ये 1234567890123450. बरेच जण कॉलम रुंद करून, फॉरमॅट बदलून तो `E` घालवतात आणि आता झालं बरोबर असं समजतात. तोवर शेवटचा सहा गेलेला असतो आणि फॉरमॅट बदलून तो परत येत नाही.

म्हणून कोड, मोबाइल आणि खाते क्रमांक हे कॉलम आधी निवडा, `Ctrl+1` दाबा, `Text` निवडा आणि मगच एंट्री सुरू करा. ज्या आकड्यांची कधी बेरीज होणार नाही ते सगळे टेक्स्ट, असं लक्षात ठेवा. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येईल, त्याला हात लावू नका. त्यावर क्लिक करून `Convert to Number` केलं की सगळी मेहनत पाण्यात. एखाद-दुसराच सेल असेल तर आकड्याआधी एकेरी अवतरण चिन्ह टाइप केलं तरी तेच काम होतं.

मग तारीख. 05/08/1998 म्हणजे आपल्यासाठी ५ ऑगस्ट. पण अमेरिकेचं काम करणाऱ्या ऑफिसमध्ये मशीन महिना-आधी असं लावलेलं असू शकतं, तिथे तीच नोंद ८ मे होते आणि काहीही खटकत नाही. शोधायची युक्ती सोपी आहे. `Text` न केलेल्या एका रिकाम्या सेलमध्ये 25/12/2024 टाइप करा. आकडे सेलच्या उजव्या कडेला गेले तर मशीन दिवस-आधी वाचतंय. डावीकडेच राहिले तर त्याला पंचविसावा महिना सापडला नाही, म्हणून त्याने ती तारीख मानलीच नाही, म्हणजे मशीन महिना-आधी आहे. अशा वेळी सेटिंग बदलायला जाऊ नका, टेस्ट घेणाऱ्याला विचारा. विचारायला कुणी नसेल तर `05-Aug-1998` असं टाइप करा. महिना अक्षरांत असला की दोन्हीकडे एकच अर्थ निघतो. आणि तपासणीचा तो सेल पुसायला विसरू नका.

मग एंट्री. एक रकाना भरला की टॅब, पुढचा भरला की टॅब, आणि शेवटच्या रकान्यानंतर एंटर. असं केलं की कर्सर आपोआप पुढच्या ओळीच्या पहिल्या रकान्यात येतो. मध्येच माउस धरला किंवा बाणाची कळ दाबली की ही साखळी तुटते.

परिसराच्या रकान्यात एक सापळा असतो. वरच्या ओळीत `Vashi Sector 17` भरलेलं आहे आणि आता नुसतं `Vashi` भरायचं आहे. टाइप करताच एक्सेल पुढचं `Sector 17` स्वतः सुचवतं, तुम्ही सवयीने टॅब दाबता आणि चुकीची नोंद पक्की होते. `Vashi` झालं की सुचवलेला भाग निळसर दिसत असतानाच डिलीट दाबा, मग टॅब. नजर कागदावर असणाऱ्या चांगल्या टायपिस्टही इथे फसतात.

आयएफएससी आणि पॅन. हाताने लिहिलेल्या फॉर्मवर शून्य आणि ओ सारखेच दिसतात, एक आणि आय सारखेच. इथे अंदाज करायची गरज नाही, रचना माहीत हवी. आयएफएससी अकरा अक्षरी असतो: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य. तिथे ओ टाइप केलात तर ती नक्की चूक. पॅन दहा अक्षरी: आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. म्हणजे सहाव्या ते नवव्या जागी ओसारखं काही दिसलं तर ते शून्य आणि शेवटच्या जागी शून्यासारखं दिसलं तर ते ओ. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर `P` असतं आणि पाचवं सहसा आडनावाचं पहिलं अक्षर, त्यामुळे शेजारच्या नावाशी ताडूनही बघता येतं.

रकाना रिकामा असेल तर रिकामाच ठेवायचा की `NA` लिहायचं, ते सूचनेत बघा. वाचताच येत नसेल तर मनाने भरू नका. हात वर करून विचारा, किंवा त्या फॉर्मचा नंबर पेनने टिपून ठेवा आणि देताना सांगा. बहुतेक उमेदवार असं विचारायला कचरतात. टेस्ट घेणारे मात्र हे बघत असतात आणि विचारणाऱ्याला आमच्याकडे तरी कमी लेखत नाहीत.

## पायरी ७: शेवटची पाच मिनिटं तपासणीची

तीस मिनिटांची टेस्ट असेल तर पंचविसाव्या मिनिटाला एंट्री थांबवा. अर्धा फॉर्म उरला असेल तर तेवढा पुरा करा, नवा घेऊ नका.

तपासताना आडवी ओळ वाचू नका, उभा कॉलम बघा. ओळ वाचताना मेंदू अर्थ लावत जातो आणि चूक झाकली जाते. कॉलममध्ये खाली उतरताना वेगळं दिसणारं लगेच डोळ्यात भरतं, आणि लांबीच्या चुका तर एक्सेलच शोधून देतं. शीटच्या उजवीकडे, रिकाम्या कॉलममध्ये हे टाका, जिथे `C` हा मोबाइलचा कॉलम आहे:

```
=LEN(C2)
```

खाली ओढा. मोबाइलच्या सगळ्या ओळींत 10 दिसलं पाहिजे, पिनला 6, आयएफएससीला 11. नऊ आलं तर एक आकडा राहिलाय, अकरा आलं तर जास्त पडलाय किंवा मागे स्पेस आहे. उलटलेले आकडे यात सापडत नाहीत, त्यासाठी कागदाशी ताडणं आलंच. वेळ कमी असेल तर खाते क्रमांकाचा कॉलम आधी ताडा. काम झाल्यावर हा मदतीचा कॉलम पुसून टाका, नाहीतर तोच जास्तीचा डेटा म्हणून चूक धरला जाईल.

सेव्ह करताना सूचनेत दिलेलं नाव आणि फोल्डर तंतोतंत ठेवा. फाइल डाउनलोड्समध्ये पडून राहिली आणि टेस्ट घेणाऱ्याने रिकामं फोल्डर उघडलं, असं होतं. एंट्री चालू असतानाही दर दोन-तीन फॉर्मनंतर `Ctrl+S` दाबत राहा.

## पायरी ८: एक्सेलचे छोटे प्रश्न

एंट्रीनंतर बऱ्याचदा एक तयार शीट देऊन चार-पाच कामं सांगतात: सॉर्ट करा, डुप्लिकेट काढा, फिल्टर लावा, बेरीज करा, दुसऱ्या शीटवरून रक्कम आणा. एमएस-सीआयटी केलेल्याला हे सगळं येतं, तरी दोन ठिकाणी घात होतो.

पहिलं सॉर्ट. फक्त नावाचा कॉलम निवडून सॉर्ट दाबलं की एक्सेल विचारतं, `Expand the selection` की `Continue with the current selection`. दुसरं निवडलं तर नावं हलतात आणि त्यांचे मोबाइल, रकमा जागच्या जागी राहतात. शीट दिसायला व्यवस्थित आणि प्रत्येक ओळ चुकीची. नेहमी पूर्ण तक्ता निवडून सॉर्ट करा. आणि आधी एका ओळीचं नाव-मोबाइल कागदावर टिपून ठेवा, सॉर्ट झाल्यावर ती जोडी तशीच आहे का बघा.

दुसरं व्हीलुकअप.

```
=VLOOKUP(A2,Sheet2!$A$2:$C$50,3,FALSE)
```

डॉलरची चिन्हं राहिली तर फॉर्म्युला खाली ओढताना यादीही खाली सरकते आणि ती वरून कापली जाते, म्हणून पहिली काही उत्तरं बरोबर येतात आणि पुढे `#N/A` सुरू होतं. `FALSE` राहिलं तर एक्सेल जवळपासचं काहीतरी आणून देतं, म्हणजे चुकीची रक्कम, तीही कुठलाही इशारा न देता. दोन्ही बरोबर असून आणि कोड यादीत असूनही `#N/A` येत असेल तर एका शीटवर कोड संख्या आहे आणि दुसऱ्यावर टेक्स्ट, किंवा कोडच्या मागे स्पेस आहे. `LEN` लावून स्पेस सापडते आणि `TRIM` ने जाते.

फॉर्म्युला आठवत नसेल तर उत्तर हाताने टाइप करून ठेवू नका. सेलवर क्लिक केलं की ते दिसतंच. त्याऐवजी फिल्टर लावून उत्तर काढा आणि ‘हे फिल्टरने काढलं’ असं स्पष्ट सांगा.

## पायरी ९: टेस्टनंतरची बोलणी

टेबलापलीकडून विचारतात, ‘स्पीड किती आहे?’ नुसतं ‘चाळीस’ म्हणू नका. ‘पस्तीसच्या आसपास, अ‍ॅक्युरसी अठ्ठ्याण्णवच्या वर, कागदावरून’ असं सांगणाऱ्याने हिशेब करून बघितलाय हे समोरच्याला कळतं. ‘सबमिट केल्यावर चूक सापडली तर काय कराल?’ हा प्रश्नही नेहमीचा. गुपचूप दुरुस्त करीन, असं उत्तर दिलं की पंचाईत, कारण तोवर ती फाइल पुढे गेलेली असते. टीम लीडरला रेकॉर्ड नंबर सांगून, परवानगी घेऊन दुरुस्त करायचं, हे उत्तर अपेक्षित असतं.

तुम्हीही तीन गोष्टी विचारून घ्या: कामात कॉलिंग आहे का, शिफ्ट कुठली, आणि दिवसाचं टार्गेट किती रेकॉर्डचं. ‘बॅक ऑफिस’ म्हणून बोलावून हेडफोन हातात देणारी ठिकाणं आहेत. नाइट शिफ्ट असेल तर गाडी घरापर्यंत सोडते की स्टेशनपर्यंत, हेही विचारा. रात्री लोकल बंद झाल्यावर महाप्याहून कळव्याला किंवा दिव्याला जायचं झालं तर रिक्षाचा खर्च पगारातूनच जाणार असतो, आणि तो धरून पगाराचं बोलणं ऑफर लेटर हातात पडायच्या आधी करायचं.